आईचं नाव दाखल्यात चुकलंय आणि ताईच्या जन्माची नोंदच नाही, आधी कुठलं काम धरू?

गिरणगावकर_९१

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. नावं बदलून लिहितोय.

माझा जन्म १९९१ चा, गिरणगावातल्या एका छोट्या प्रसूतिगृहातला, जे आता बंद होऊन तिथे टॉवर उभा राहिलाय. दाखल्यावर आईचं नाव 'कुंदा' आहे. आईचं सगळ्या कागदांवर नाव 'वैशाली'. कुंदा हे तिचं माहेरचं, लग्नात तांदळात नाव लिहून वैशाली केलं ते १९८८ ला. मग तीन वर्षांनी माझ्या वेळेस कुंदा कुठून आलं? तर तेव्हा बाबांची गिरणीत सेकंड शिफ्ट होती, आईला कळा सुरू झाल्या तेव्हा मामा घरी होता, त्यानेच नेलं आणि केसपेपरला जे तोंडात बसलेलं तेच नाव सांगितलं. बिचाऱ्याला अजून सगळे ऐकवतात.

आतापर्यंत काही अडलं नाही. माझ्या पासपोर्टवर आईचं नाव वैशाली आहे. आता कंपनी बाहेर पाठवतेय, तिकडच्या लोकांनी जन्मदाखला मागितला आणि म्हणाले पासपोर्टशी आईचं नाव जुळत नाही, दुरुस्त करून आणा.

दुसरं त्याहून मोठं. माझी ताई १९८९ ची. आजोळी झाली, संगमेश्वर तालुक्यात, घरातच, सुईणीच्या हातून. नोंद कुणी केली नाही. ती नर्स आहे, जर्मनीला जायचं चाललंय, तिलाही जन्मदाखला हवाय. ती लहानपणापासून मुंबईत, शाळा इथे, सगळं इथे. वॉर्ड ऑफिसच्या बाहेर एक एजंट भेटला, तो म्हणाला आईच्या नावाचं गॅझेट करा आणि ताईचं मुंबईतच 'घरी जन्म' दाखवून करून देतो, दोन्हीचं मिळून एक पॅकेज. रक्कम सांगत नाही, चहा गळ्याखाली उतरणार नाही तुमचा.

आधी कुठलं काम धरू? आणि गॅझेट करू का?

वैभव_मुलुंड

गॅझेट करून टाक भाऊ. ऑनलाइन होतं आता, घरबसल्या. आईचं कुंदाचं वैशाली केल्याचं गॅझेट आलं की ती प्रत सगळीकडे चालते, बँक पॅन आधार. आमच्या मिसेसचं असंच केलं.

आणि १९८९ च्या २६ जानेवारीनंतरचा जन्म असेल तर पासपोर्टला जन्मदाखला कंपल्सरी आहे, म्हणजे ताईला आधी तेच बघावं लागेल.

मानसी_ठाणे

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. माझ्या मुलीच्या दाखल्यात माझं लग्नानंतरचं नाव आहे, आता आमचा घटस्फोट झालाय आणि मी माहेरचं नाव परत घेतलंय. तर तिच्या दाखल्यात माझं आताचं नाव टाकता येईल ना? आता तर आईचं नाव सरकारनेच कंपल्सरी केलंय असं ऐकलं, मग अडवायला नको.

जुना_कारकून

आरोग्य खात्यात जन्म-मृत्यूच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. तिघांच्याही प्रश्नाचं मूळ एकच आहे म्हणून आधी तेवढं सांगतो, बाकीचं मागाहून.

जन्माचं रजिस्टर हे त्या दिवशी काय खरं होतं त्याची नोंद असते. कायदा १९६९ चा, त्यातलं कलम १५ दुरुस्तीचं. दुरुस्ती कशाची, तर नोंद करताना जे चुकलं त्याची. नंतर आयुष्यात जे बदललं त्याची नाही. म्हणून गॅझेट इथे उपयोगाचं नाही, उलट कधी कधी नडतं. गॅझेट काय म्हणतं? "अमुक बाई आजपासून तमुक नावाने ओळखल्या जातील." म्हणजे २०२५ ला केलेल्या गॅझेटने तुम्ही स्वतःच लिहून दिलंत की १९९१ ला त्यांचं नाव कुंदाच होतं. मग रजिस्टर बरोबरच आहे, दुरुस्त काय करायचं? टेबलावरचा माणूस हेच म्हणणार आणि त्याचं चूक नाही.

मानसीताई, तुमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी तुमचं नाव लग्नानंतरचंच होतं, त्यामुळे तिची नोंद बरोबर आहे, ती बदलत नाही. तुमच्या नावबदलाचं गॅझेट दाखल्याला जोडून दाखवायचं, इतकंच. आणि ते आईच्या नावाचं जे ऐकलंत ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी आहे, मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव अशा क्रमाने शासकीय कागदांवर लिहायचं म्हणून. त्याचा जुनी नोंद बदलण्याशी संबंध नाही.

वैभव, तुमचं पासपोर्टचं अर्धं बरोबर आहे. ती २६ जानेवारी १९८९ ची अट होती खरी, पण डिसेंबर २०१६ ला ती काढली. आता १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागतो, आधीच्यांना शाळा सोडल्याचा दाखला वगैरे चालतो. ताईंचं अडलंय ते पासपोर्टला नाही, जर्मनीवाल्यांना.

गिरणगावकर, तुम्ही आधी एक करा. वॉर्डात जाऊन मूळ रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते बघून या. दाखला कॉम्प्युटरवरून निघतो, कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी रजिस्टर बघून टाइप केलेलं असतं. रजिस्टरमध्ये बरोबर आणि टाइप करताना चूक असं झालं असेल तर काम अगदीच हलकं.

गिरणगावकर_९१

काका धन्यवाद. उद्याच हाफ डे टाकतो.

स्नेहल_बोरिवली

आमच्याकडे हेच झालेलं, मुलाच्या बाबांचं नाव रजिस्टरमध्ये दत्ताराम आणि दाखल्यावर दत्तात्रय. दोन्ही 'दत्ता' म्हणून टाइप करणाऱ्याने आपल्या मनाने पूर्ण केलं असेल. पान दाखवलं, लगेच मान्य केलं, नवा दाखला मिळाला. इंग्रजी स्पेलिंग पण त्याच वेळी नीट बघून घ्या, मराठी बरोबर आणि इंग्रजीत भलतंच असं फार होतं.

चाळकरी

पण १५ वर्षांच्या आतच होतं ना हे सगळं? आमच्या पुतण्याला हाकलून दिलं, म्हणाले १५ वर्षं उलटून गेली, आता काही होणार नाही.

जुना_कारकून

पुतण्याचं काय होतं? त्याच्या दाखल्यावर स्वतःचं नावच नव्हतं का, जागा रिकामी?

चाळकरी

हो तसंच काहीतरी. नाव नव्हतं, फक्त मुलगा आणि आईवडिलांची नावं.

जुना_कारकून

मग ते वेगळं. बाळाचं नाव नंतर घालायला कलम १४ आहे, पहिल्या वर्षात फुकट, नंतर विलंब शुल्क, आणि त्याला नोंदणीपासून १५ वर्षांची मर्यादा. ती मर्यादा शासनाने मध्ये मध्ये वाढवूनही दिलीय तेव्हा पुतण्याला परत एकदा चौकशी करायला सांगा. आईवडिलांच्या नावातली चूक दुरुस्त करायला अशी मर्यादा नाही. ९१ काय, ७१ ची असली तरी होते, पुरावा हवा.

गिरणगावकर_९१

जाऊन आलो. रजिस्टरमध्ये पण कुंदाच आहे. स्वच्छ अक्षरात, शाईच्या पेनाने, समोर मामाचं नाव माहिती देणारा म्हणून. म्हणजे टाइपिंगची चूक नाही, मामाचीच.

हॉस्पिटलचं पत्र आणा म्हणाले. हॉस्पिटल कुठून आणू? तिथे आता सतराव्या मजल्यावर स्विमिंग पूल आहे.

वैभव_मुलुंड

म्हणून म्हणत होतो गॅझेट कर. कारकूनकाका नियम सांगतात, पण खिडकीवर वेगळंच चालतं.

जुना_कारकून

खिडकीवर काय चालतं ते मी खिडकीच्या आतून बघितलंय वैभवराव.

बरं. हॉस्पिटल बंद असलं तर पत्र मिळणार नाही, तसं लिहून द्यायचं. मग सगळा भार एका गोष्टीवर येतो, माझ्या मते हाच या कामाचा गाभा आहे. तुम्हाला दाखवायचंय की १९९१ च्या त्या तारखेच्या *आधीपासून* आईंचं नाव वैशाली होतं. आजचं आधार, पॅन, कालचं प्रतिज्ञापत्र यातून आज काय आहे तेवढंच दिसतं. लोक आधार-पॅनच्या वीस झेरॉक्सा लावतात आणि मग म्हणतात एवढे पुरावे दिले तरी ऐकत नाहीत. वीस नकोत, एकच द्या पण १९८८ ते ९१ मधला.

घरात शोधा. लग्नपत्रिका शोधू नका, त्यात नवरीचं माहेरचं नाव असतं. शाळेच्या दाखल्यावर पण कुंदाच असणार, तो तुमच्या विरुद्ध जातो, पण लपवू नका, लग्नाआधीचा आहे हे तारखेवरूनच दिसतं. लग्न रजिस्टर केलं होतं का? जुनं रेशनकार्ड आहे का, त्यात सून म्हणून नाव चढवल्याची तारीख आणि शिक्का असतो. बाबा गिरणीत होते म्हणता तर ईएसआयचं कार्ड, पीएफचं नॉमिनेशन, एलआयसीची पॉलिसी, असलं काही.

गिरणगावकर_९१

लग्न रजिस्टर नाही केलेलं, तेव्हा कोण करायचं. रेशनकार्ड नवीन झालंय, जुनं जमा केलं.

पण काका!! ईएसआय म्हणालात आणि आईने पेटीतून बाबांचं कार्ड काढलं. कुटुंबाची माहिती आहे त्यात. पत्नी: वैशाली, वय २२. तारीख १९८९ ची, गिरणीच्या टाइमकीपर ऑफिसचा जांभळा शिक्का, अर्धा उडालाय पण वर्ष वाचता येतं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, ते कार्ड आई प्लास्टिकच्या पिशवीत घालून लग्नातल्या शालूखाली ठेवायची, का ते तिलाही सांगता येत नाही.

स्नेहल_बोरिवली

अंगावर काटा आला वाचून.

जुना_कारकून

उत्तम. हे कार्ड म्हणजे तुमची केस. मूळ कार्ड कुणाच्या हातात सोडू नका, दाखवायचं आणि साक्षांकित प्रत द्यायची.

आता अर्ज वॉर्डाच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याच्या नावाने, खिडकीवरच्या माणसाच्या नाही. अर्जात गोष्ट सरळ लिहा जशी इथे लिहिलीत तशी, मामाने घाईत माहेरचं नाव सांगितलं म्हणून. सोबत आईचं निवेदन, मामा हयात असेल तर मामाचं, कारण चुकीची माहिती देणारा तोच आहे, त्याच्या तोंडून आलेलं सगळ्यात भारी. नियमात दोन विश्वासार्ह माणसांचं निवेदन मागतात, ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे अशी. मामा एक झाला, दुसरं चाळीतलं कुणी जुनं बघा.

मूळ नोंद खोडत नाहीत हे लक्षात ठेवा. कुंदा तिथेच राहतं, बाजूला समासात दुरुस्ती लिहून तारीख घालून सही करतात. कुणी व्हाइटनर लावून करून देतो म्हणाला तर पळा.

कोकणी_माणूस

कुंदा उर्फ वैशाली असं करून घ्या की सरळ. आमच्याकडे ग्रामपंचायतीत दोघांचं असं केलेलं.

जुना_कारकून

'उर्फ' काही अधिकारी देतात, काही देत नाहीत. मी स्वतः देत नव्हतो. परदेशातल्या कचेरीत उर्फ म्हणजे काय ते समजावताना दमछाक होते, पासपोर्टवर एकच नाव आहे तर दाखल्यावर पण एकच असलेलं बरं. पण पुरावा अपुरा पडला तर उर्फ ही पडती बाजू म्हणून मनात ठेवा.

गिरणगावकर_९१

ओके. आणि ताईचं? एजंटचं ते मुंबईत घरी जन्म दाखवायचं? खरं सांगतो, ताईचा नवरा त्याच्या बाजूने आहे, म्हणतो गावाला दहा हेलपाटे कोण घालणार.

कोकणी_माणूस

बिलकुल करू नका. जन्म जिथे झाला तिथेच नोंद, राहता कुठे त्याला अर्थ नाही. आमच्या गावची निम्मी माणसं मुंबईत आहेत पण बाळंतपणाला पोरी माहेरी यायच्या, त्यामुळे जन्म सगळे इकडचे. मुंबईचा वॉर्ड कसा नोंदवणार?

पण त्याआधी, नोंद *नाहीच* हे कशावरून म्हणताय? कुणी बघितलं? घरचे म्हणतात म्हणून?

गिरणगावकर_९१

मामा ग्रामपंचायतीत विचारून आला, ताईच्या नावाने काही सापडत नाही म्हणाले.

कोकणी_माणूस

ताईच्या नावाने कसं सापडेल हो! घरी जन्म झाला तर पाचवीच्या आत कुणी आरोग्यसेविकेला सांगितलं असेल, तेव्हा बाळाला नाव तरी होतं का? बारशाच्या आधीची नोंद असते ती, 'स्त्री' एवढंच असतं. आईच्या नावाने, वडिलांच्या नावाने बघायचं, आणि तुमच्या केसमध्ये कुंदा *आणि* वैशाली दोन्ही. आजोबांनी सांगितली असेल तर आईच्या माहेरच्या आडनावाखाली पण बघा. तारीख पण धरून बसू नका, शाळेत घालताना तारखा ढकललेल्या असतात, मागेपुढे दोन वर्षांची पानं उलटा. शेजारच्या ग्रामपंचायतीत पण बघा, पूर्वी गट ग्रामपंचायत असेल तर दफ्तर तिकडे असतं.

माझ्या सख्ख्या मावशीचं सांगतो. नोंद नाही म्हणून सगळी तयारी केली, वकिलाला पैसे दिले, आणि मग ग्रामसेवकाने सहज रजिस्टर चाळताना नोंद सापडली, मावशीच्या आजोबांचं नाव वडिलांच्या रकान्यात. त्या माणसाने माहिती देणाऱ्यालाच बाप करून टाकलेलं.

जुना_कारकून

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. कारण नोंद असताना दुसरी झाली तर एका माणसाचे दोन जन्म होतात, आणि मग एक रद्द करून घ्यायला जो त्रास आहे तो दुरुस्तीच्या दहापट. शोध नीट घ्या आणि तरीही नाही सापडलं तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला लेखी घ्या, नुसतं तोंडी नको.

वैभव_मुलुंड

मग तो नोंद नाही वाला दाखलाच द्यायचा ना जर्मनीला? आमच्या सासऱ्यांना अमेरिकेला चालला, तो दाखला आणि दोन ॲफिडेव्हिट.

जुना_कारकून

सासरे १९७० च्या आधीचे असणार. अमेरिकेकडे जुन्या जन्मांसाठी तशी सवलत आहे. १९८९ च्या मुलीला जर्मनीवाले काय म्हणतील ते त्यांनाच लेखी विचारा, ताईंची एजन्सी असेल ना. चालत असेल तर फार बरं, एवढी यातायात वाचेल.

गिरणगावकर_९१

विचारलं. नाही म्हणाले, रीतसर जन्मदाखलाच हवा.

अजून एक गोची. ताईचा शाळा सोडल्याचा दाखला काढला, त्यात जन्मस्थळ मुंबई लिहिलंय. बाबांनी शाळेत घालताना सांगितलं असेल, किंवा शाळेनेच टाकलं असेल. मग आता गावचे लोक म्हणणार मुंबईला जा, आणि मुंबईवाले म्हणणार नोंद नाही.

सरकारी_बाबू_नाही

एजंटला हा दाखला दिसला असणार, म्हणून तर मुंबईचं पॅकेज सांगतोय.

मास्तर_निवृत्त

मी शाळेत होतो म्हणून सांगतो. शाळेने जन्मस्थळ विचारून लिहायचं असतं, पण वर्गात साठ पोरं, रांग दारापर्यंत, मग सगळ्यांच्या पुढे मुंबई मुंबई मुंबई खाली खाली खुणा. तुम्ही शाळेचा दाखला आधी दुरुस्त करून घ्या, जनरल रजिस्टरमधला उतारा मागा.

जुना_कारकून

मास्तर, उतारा मागाच, पण शाळेची दुरुस्ती आत्ता काढू नये असं माझं मत. शाळा म्हणेल जन्मदाखला दाखवा मग दुरुस्त करतो, आणि जन्मदाखल्यासाठी तर हे चाललंय. कोंबडी आधी की अंडं.

त्यापेक्षा अर्जातच सांगून टाका की शाळेत जन्मस्थळ राहत्या जागेचं लिहिलं गेलं. आणि दोन 'उपलब्ध नाही' दाखले घ्या, एक आजोळच्या ग्रामपंचायतीचा, एक मुंबईच्या वॉर्डाचा, ज्या भागात तुम्ही १९८९ ला राहत होतात त्या. म्हणजे पलीकडचं दार बंद आहे हे कागदावर आलं.

आता कुणाकडे जायचं ते. वर्षाच्या वर उशीर झाला की पूर्वी कोर्टात जावं लागायचं, न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ ला कायदा बदलला, १ ऑक्टोबरपासून लागू झाला, आता जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी आदेश देतो. ज्या जिल्ह्यात जन्म, त्या जिल्ह्यातला. तुमचं रत्नागिरी. देवरुखला तहसील कार्यालयात जाऊन आधी विचारा की तुमच्या गावचे अर्ज सध्या कोण घेतंय.

आणि वेळ धरून चला. राज्यात अशा उशिराच्या नोंदींमध्ये खोटे कागद सापडल्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला हे काम थांबवलं होतं, मग मार्चमध्ये नवीन कार्यपद्धती आली. पोलिसांचा अहवाल, जाहीर सूचना, हरकती, सगळं होतं. म्हणूनच एजंटच्या 'घरी जन्म मुंबई' मध्ये पडू नका. चौकशीला हवालदार येणार, तुमच्या जुन्या चाळीत विचारणार, आणि कुणीतरी म्हातारी खरं तेच सांगणार की अहो ती तर आजोळी झाली, पेढे मी खाल्ले होते.

चाळकरी

हाहाहा म्हातारी नक्की सांगणार.

मानसी_ठाणे

कारकूनकाका माझं उत्तर पटलं नाही पण समजलं. मुलीच्या शाळेत माझं आताचं नाव लावता येतं का ते वेगळा धागा काढून विचारते.

गिरणगावकर_९१

काका शेवटचं, दोन्हीतलं आधी कुठलं?

जुना_कारकून

तुमचं. ताईंच्या अर्जात आईचं नाव लिहावं लागणार, आणि तिथेही तोच प्रश्न, १९८९ ला आई कोण होती, कुंदा की वैशाली. भावाच्या नोंदीत वैशाली पक्कं झालेलं असलं की तो दाखला ताईंच्या अर्जाला जोडता येतो. उलट केलंत तर दोन भावंडांच्या दोन आया दिसतील आणि साहेब दोन्ही फायली बाजूला ठेवेल.

ताईंचं नाव अर्जात माहेरचं, जन्माच्या वेळचं. आधारवर सासरचं असेल, त्याला लग्नाचा दाखला जोडा.

प्रतिज्ञापत्रासाठी कुणी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितला तर आधी विचारा. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. बाहेर बसलेले सांगत नाहीत.

गिरणगावकर_९१

*(अपडेट)*

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय.

माझं झालं. सात आठवडे लागले, चार फेऱ्या. पहिल्या फेरीला परत गॅझेटच मागितलं. मी काकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, की गॅझेट केलं तर ९१ ची नोंद बरोबर ठरेल. तो माणूस थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, साहेबांना भेटा. साहेबांनी ईएसआय कार्ड उलटसुलट केलं, भिंगाने शिक्का बघितला, खरंच भिंग होतं टेबलावर. मामाला समोर बोलावलं. मामा एवढा घाबरलेला की 'साहेब चूक झाली' एवढंच तीन वेळा म्हणाला. साहेब म्हणाले, पस्तीस वर्षांपूर्वीची आहे, बसा.

नव्या दाखल्यावर वैशाली आहे, उर्फ नाही. आईने बघितलं आणि म्हणाली कुंदा पण चांगलं होतं.

ताईचं अर्ध्यात आहे. आजोळी मामाने ग्रामसेवकाबरोबर बसून ८७ ते ९१ सगळं चाळलं, दोन्ही नावांनी, शेजारच्या गावात पण. नाहीच. दोन्हीकडचे लेखी दाखले मिळाले. देवरुखला अर्ज दिला, भावाचा दाखला म्हणून माझा जोडला. गावात पोलीस पाटलांनी जबाब घेतला, सुईण वारली पण तिची सून होती त्या दिवशी मदतीला, ती सत्तरीची आहे, तिने सांगितलं की होळीच्या आदल्या रात्री झाली. आणि इथेच घोळ, शाळेच्या दाखल्यावरची तारीख जूनची आहे. आता होळी मार्चमध्ये आणि दाखला जून.

काय करायचं? तारीख कुठली धरायची?

मास्तर_निवृत्त

जून म्हणजे शाळाप्रवेशाची तारीख. सगळ्या पोरांचे वाढदिवस जूनमध्ये, आमच्या वर्गातले निम्मे १ जूनचे.

कोकणी_माणूस

८९ ची होळी पंचांगात बघा. जुनं पंचांग देवळात गुरवाकडे असतं कधी कधी.

वैभव_मुलुंड

जूनच ठेवा. दहावीच्या सर्टिफिकेटवर, पासपोर्टवर, नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनवर सगळीकडे जून आहे. मार्च केलं तर आयुष्यभर एकेक बदलत बसावं लागेल. यावेळी तरी माझं ऐका.

जुना_कारकून

वैभवरावांचं व्यवहाराला धरून आहे, पण मी 'जूनच लिहा' असं सांगणार नाही. जबाब आता फाइलमध्ये आलाय, साहेब तो वाचणार. अर्जात कुठली तारीख लिहिली होतीत?

गिरणगावकर_९१

जून. दाखल्याप्रमाणे.

जुना_कारकून

मग सुनावणीला बोलावतील तेव्हा ताई आणि आई दोघींनी जा. आईंना नक्की आठवतं का होळी? त्यांनी सांगितलेलं आणि त्या बाईंनी सांगितलेलं वेगळं असेल तर साहेब कागदाकडे वळेल, कागद जूनचा आहे. दोघींचं सारखं असेल तर मार्चचा विचार करावा लागेल, मग पासपोर्टपासून सगळं. आधी आईंना विचारा, आणि त्यांना काही सुचवू नका, नुसतं विचारा.

गिरणगावकर_९१

विचारलं. आई म्हणते होळी आठवत नाही, पण फणस नव्हते, आंब्याला मोहोर होता, आणि तुझ्या आजीने गरम पाण्यासाठी लाकडं कमी पडली म्हणून होमाची रचलेली लाकडं आणायला पाठवलं होतं.

पुढच्या गुरुवारची तारीख मिळालीय. तुतारीचं बुकिंग केलंय तिघांचं, आई खिडकी मागतेय.